शिफारसपत्र देतो, आधी यादी पाठव

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. कीटकशास्त्रात पीएच.डी.साठी अमेरिकेत अर्ज करतेयस आणि शिफारसपत्र हवंय, हे कळलं. पत्र देतो, त्याची काळजी सोड. पण तू सोबत जोडलेल्या दोन पानांच्या बायोडेटावरून ते लिहिता येणार नाही. वेगळी यादी लागेल. ती कशी हवी ते सांगतो.

तुझ्या बायोडेटात एक ओळ आहे: ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणात सक्रिय सहभाग’. ही ओळ तुझ्या वर्गातला कोणीही लिहू शकतो, आणि बहुतेकांनी लिहिलीही असेल. निवड करणाऱ्या प्राध्यापकाला ‘सक्रिय’ या शब्दातून काहीच कळत नाही. कुठे, किती आणि तू स्वतः काय केलंस, हे त्याला हवं असतं. म्हणून हीच ओळ उकलून बघू.

मानवत आणि पाथरी तालुक्यांतली मिळून 4 शेतं तुझ्याकडे होती. दर आठवड्याला प्रत्येक शेतातून 20 हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून बघायची, असं ठरलं होतं. 10 आठवडे ठरले, पण एक आठवडा पावसानं हुकला. म्हणजे 9 गुणिले 4 गुणिले 20, एकूण 720 बोंडं. यादीत 720 च लिही, 800 लिहू नकोस, आणि आठवडा का हुकला तेही एका वाक्यात लिही. मुलाखतीत कोणी आठवड्यांचा हिशेब विचारला तर तुझा आकडा आणि माझं पत्र जुळायला हवं.

बोंडं फोडावी का लागतात, हेही त्यात येऊ दे. लहान अळी आत शिरली की तिचं छिद्र बुजतं आणि बोंड वरून निरोगी दिसतं. परदेशी वाचकाला हे एक वाक्य पुरतं. 720 बोंडं चाकूनं फोडणं म्हणजे काय काम असतं, ते मग त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता त्यातला सगळ्यात कामाचा भाग, जो तू बायोडेटात लिहिलाच नाहीस. सहाव्या आठवड्यात पाथरीकडच्या एका शेतात कामगंध सापळ्यात रात्रीला सरासरी 3 पतंग सापडत होते. सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग ही आपली धोक्याची पातळी. त्या हिशेबानं शेत सुरक्षित होतं. पण त्याच शेतातल्या 20 बोंडांपैकी 3 मध्ये अळी निघाली, म्हणजे 15 टक्के. बोंडांसाठीची पातळी 10 टक्के, म्हणजे 20 मध्ये 2. दोन मोजमापं एकमेकांशी जुळेनात, तेव्हा तू सापळ्याचा आकडा खरा धरला नाहीस. शेतकऱ्याला विचारलंस आणि ल्यूर मुदतीत बदललाच नव्हता हे शोधलंस. शिवाय शेजारच्या रानात फरदड उभी होती, हीही नोंद केलीस. माझं पत्र मी यावरच उभं करणार आहे. वहीतलं ते पान मोबाइलवर फोटो काढून पाठव, तारीख दिसली पाहिजे. डोमकळ्यांची मोजणी कोणत्या आठवड्यापासून सुरू केली होतीस, तेही बघून लिही. मी अंदाजानं लिहिणार नाही.

यादीतली प्रत्येक गोष्ट याच पद्धतीनं लिही: काय होतं, किती होतं, त्यात तुझा हात कुठवर होता, पुरावा काय. सापळे लावायला कृषी सहायक बरोबर असतील तर तसं लिही. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर टाकलेलं लगेच ओळखू येतं, कारण त्या कामाबद्दल दुसरा प्रश्न विचारला की उत्तर सुचत नाही. सहा-सात गोष्टी पुरेत. निबंध स्पर्धा, स्नेहसंमेलन, योग शिबिर यांची प्रमाणपत्रं ठेव बाजूला. यादी मराठीतच लिही. इंग्रजीत लिहायला गेलीस की पुन्हा ‘सक्रिय सहभाग’ होतो.

प्रत्येक नोंदीपुढे एक खूण कर: हे मी स्वतः पाहिलंय की तू सांगितल्यामुळे मला माहीत आहे. मी पाहिलेल्याचाच साक्षीदार होऊ शकतो. आणखी दोघांकडून पत्रं घेणार असशील, तर वाटून घे. प्रयोगशाळेतलं काम ज्यांनी पाहिलं त्यांनी ते लिहावं, शेतातलं मी लिहितो. तिघांनीही ‘हुशार, कष्टाळू, नम्र’ लिहिलं तर तीन पत्रं मिळून एकच झालं.

आपल्याकडे ‘मसुदा करून आण, सही देतो’ अशी पद्धत पडली आहे. मला मसुदा पाठवू नकोस. एकाच हातानं लिहिलेल्या तीन पत्रांत तीच वाक्यरचना आणि त्याच चुका येतात, आणि रोज अशी पत्रं वाचणाऱ्याला ते दिसतं. अर्जात एक चौकट येईल, पत्र पाहण्याचा हक्क सोडताय का अशी. तिथे हो म्हण. पत्र गोपनीय असलं की वाचणारा त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

बऱ्याच अर्जांत शिफारस करणाऱ्याला एक तक्ताही भरावा लागतो: पहिल्या 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत, 25 टक्क्यांत. त्यासाठी वर्गात किती जण होते आणि तुझा क्रमांक कितवा, हे लागेल. ओजीपीए 10 पैकी जो गुणपत्रकावर आहे तोच दे. 4 पैकीच्या मापात स्वतः बदलू नकोस, तो हिशेब प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पद्धतीनं करतं.

नावाचं एक बघ. गुणपत्रकावर आडनाव आधी असेल, पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत असतं. पत्रात मी पासपोर्टप्रमाणे लिहीन, तेव्हा स्पेलिंगसह त्या पानाचा फोटो पाठव. अर्जातही तेच भर. नाही तर माझं पत्र तुझ्या अर्जाला जोडताना त्यांच्याकडे घोटाळा होतो.

माझा जीमेलचा पत्ता देऊ नकोस, विद्यापीठाचा दे. दुवा तिथे येईल, बऱ्याचदा तो स्पॅममध्ये जातो. म्हणून तू अर्जात माझं नाव भरलंस की त्याच दिवशी मला एक मेसेज टाक. शेवटची तारीख 15 डिसेंबर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची रात्री 11:59, असं तू लिहिलंयस. आपल्याकडे ती वेळ 16 तारखेची सकाळी 10:29 होते. त्या सकाळी इथं लाईट असेल याचा भरवसा नाही, म्हणून पत्र मी 5 डिसेंबरलाच चढवणार. त्यासाठी तुझी यादी 10 नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे हवी. विद्यापीठांची नावं, प्रत्येकाची तारीख आणि ज्या प्राध्यापकांकडे काम करायचंय त्यांचा विषय, हे सगळं एकाच कागदावर लिही. तुकड्या-तुकड्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर नको, त्यातलं निम्मं शोधता येत नाही.

सहाव्या आठवड्याचं पान मात्र आजच पाठव.

तुझे,
सर