गणपती सजावटीच्या संचांची जाहिरात कशी लिहावी?

प्रश्न : आमचे सजावट-साहित्याचे छोटे दुकान आहे. यंदा घरगुती गणपतीसाठी संच करून आगाऊ नोंदणी घ्यायची आहे. जाहिरातीत नेमके काय लिहावे?

उत्तर : सर्वप्रथम मखराचे आतले माप लिहावे. बहुतेक दुकानदार बाहेरचे माप छापतात, कारण ते मोठे दिसते. परंतु खांब आणि कमानीची झालर धरली तर दोन फुटी मखरात आत दीड फूटच जागा उरते, आणि ही गोष्ट आदल्या रात्री मूर्ती आत सरकवताना प्रभावळ कमानीला अडली की कळते. गिऱ्हाईक मूर्तीची उंची बहुधा मुकुटापर्यंतच सांगते. म्हणून मूर्तिकाराकडून पाट आणि प्रभावळीसह उंची व सर्वांत रुंद भागाची रुंदी विचारून घ्यावी, असे जाहिरातीतच नमूद करावे. कोकणात वर माटवी बांधलेली असते, त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकासाठी मखराची बाहेरची उंचीही द्यावी लागते.

तारखांची मांडणी चतुर्थीपासून उलट करावी. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. शनिवार-रविवार जोडून आल्याने गावी जाणारे बरेच जण शुक्रवारी रात्रीच निघतील, तेव्हा त्यांच्या हाती सामान बुधवारपर्यंत पडले पाहिजे. शहरातल्यांना शनिवार चालतो. दोघांना एकच तारीख दिलीत, तर शुक्रवारी संध्याकाळी दुकानात काय होईल ते सांगायला नको.

संचाला भारदस्त नाव देण्यापेक्षा त्यात काय आहे आणि काय नाही, हे लिहिणे अधिक उपयोगाचे ठरते. मी असा मजकूर लिहीन :

«पुठ्ठ्याचे घडीचे मखर. आतून रुंदी १८, उंची २४, खोली १४ इंच. पाट व प्रभावळीसह २० इंच उंच आणि १४ इंच रुंद मूर्तीपर्यंत योग्य. सोबत मागचा कापडी पडदा, कागदी फुलांच्या दोन माळा, पाच मीटर एलईडी तोरण. मूर्ती, पाट व समई यांचा समावेश नाही. नोंदणी १६ ऑगस्टपर्यंत. गावी नेणाऱ्यांनी ९ सप्टेंबरपर्यंत, इतरांनी १२ सप्टेंबरपर्यंत सामान न्यावे.»

गौरी बसवणाऱ्या घरांसाठी वेगळा मोठा संच करू नये, याच संचाला जोडता येईल असा रुंद पडदा आणि जादा माळांचा पूरक संच ठेवावा. गौरींच्या उभ्या मुखवट्यांसाठी मखर मोठे करत गेल्यास मूर्ती त्यात हरवते.

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरीही नुसते ‘पर्यावरणपूरक’ लिहून थांबू नका. पुठ्ठा, बांबू, कापड असे स्पष्ट लिहा, आणि पुठ्ठ्याचे मखर ओल्या भिंतीला टेकवू नये, ही सूचनाही मापांखालीच द्या.