लोगोचे मॉकअप तपासताना नेमके काय पाहावे?

प्रश्न: डिझायनरने लोगोचे सात-आठ मॉकअप पाठवले आहेत आणि सगळेच छान दिसतात. पांढऱ्या आणि काळ्या पार्श्वभूमीवर तो खरोखर चालेल का, हे कसे तपासू?

उत्तर: मॉकअप बाजूला ठेवा आणि डिझायनरकडून लोगोची मूळ व्हेक्टर फाइल मागवा. ती एकदा कोऱ्या पांढऱ्यावर (#FFFFFF) आणि एकदा जवळजवळ काळ्या रंगावर (#121212) सावली, चकाकी किंवा तिरका कोन न देता ठेवून पाहा.

मी तपासलेल्या एका लोगोत गडद निळे वर्तुळ (#1B2A49) आणि त्याखाली बारीक अक्षरांत नाव होते. काळ्या भिंतीवरच्या मॉकअपमध्ये ते सुरेख उठून दिसत होते. पण आयड्रॉपरने रंग तपासला तेव्हा कळले की तेथे निळा बराच उजळ केला होता आणि लोगोमागे फिकट प्रकाशाचा एक डागही सोडला होता. मूळ निळ्याचे पांढऱ्याशी कॉन्ट्रास्टचे प्रमाण सुमारे 14:1 भरते, तर #121212 शी जेमतेम 1.3:1. वेब सुलभतेच्या निकषांत अर्थवाही चित्रचिन्हांसाठी किमान 3:1 अपेक्षित असते. लोगोला त्यातून सूट आहे, तरी मोजपट्टी म्हणून मी हाच आकडा वापरतो. गडद पार्श्वभूमीसाठी रंग बदलण्यात काहीच गैर नाही. मात्र ती वेगळी आवृत्ती आहे हे सांगितले पाहिजे आणि तिची स्वतंत्र फाइल तुमच्या हाती आली पाहिजे.

अक्षरांची जाडीही याच वेळी पाहा. पडद्यावर काळ्यावरची पांढरी रेघ असते त्यापेक्षा जाड भासते, म्हणून जाणता डिझायनर उलट्या, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या, आवृत्तीतली अक्षरे किंचित बारीक करतो. छपाईत नेमके उलटे घडते: गडद शाईतून कोरी सोडलेली रेघ शाई पसरल्यामुळे भरून येते. वरच्या लोगोतली सर्वांत बारीक रेघ एकूण रुंदीच्या सुमारे 1/120 होती, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर 20 मिमी रुंदीत ती जेमतेम 0.17 मिमी उरणार होती. मॉकअपमध्ये तेच कार्ड अख्खा पडदा व्यापून होते, त्यामुळे ही अडचण कोणाच्याच लक्षात आली नव्हती. शेवटी छपाईच्या उलट्या आवृत्तीत अक्षरे थोडी जाड करून घ्यावी लागली.

म्हणून लोगो 100 टक्के आकारात साध्या प्रिंटरवर, केवळ काळ्या शाईत छापा आणि कागद हातभर अंतरावर धरून नाव वाचता येते का ते पाहा. उंच इमारतीवरची पाटी तुम्ही कधी लावणारच नसाल, तर तिचे मॉकअप तुमच्या कामाचे नाही. त्याऐवजी बिलाचा मथळा, गोल कापला जाणारा प्रोफाइल फोटो आणि ब्राउझरच्या टॅबमधले 16 बाय 16 पिक्सेलचे चिन्ह मागा. त्या चिन्हात नाव मावणार नाही, तेव्हा तेथे नुसते वर्तुळ वापरायचे की पहिले अक्षर, हे डिझायनरने आत्ताच ठरवून द्यावे.