सोडियम बॅटरीच्या स्कूटरसाठी थांबावं का?

प्रश्न: ठाण्यात राहतो, रोज घोडबंदर रोडने जाणं-येणं. सोडियम बॅटरी स्वस्त आणि थंडीत चांगली म्हणतात. नवी स्कूटर घ्यायला थांबू का?

उत्तर: थंडीसाठी तर अजिबात थांबू नका. उणे 20 अंशांत लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या लिथियम सेलची क्षमता बरीच घटते, सोडियम सेल मात्र बहुतांश क्षमता टिकवतो. लडाखमध्ये हा फरक मोलाचा आहे. ठाण्यात पारा 15 अंशांखाली गेला तरी आपण स्वेटर शोधतो, आणि तेवढ्या गारव्यात लिथियमचं फारसं काही बिघडत नाही.

खरा प्रश्न वजनाचा आहे. समजा बॅटरी 3 युनिटची, म्हणजे 3000 वॅट-तासांची. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल किलोला साधारण 180 वॅट-तास देतो असं धरलं, तर नुसते सेल 17 किलोंच्या आसपास भरतात. सोडियमचे 150 धरले तर 20 किलो. जागाही जास्त लागते, आणि सीटखाली ती वाढवणार कुठून? मग कंपनी बॅटरी लहान करते आणि रेंज घटते.

स्वस्ताईचं म्हणाल, तर मीठ स्वस्त आहे हे खरं. लिथियमऐवजी सोडियम येतं, शिवाय ऋण बाजूला तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी चालते. पण 2022 नंतर लिथियमचे भाव कोसळले आणि सोडियमचं उत्पादन अजून लहान आहे, त्यामुळे ती बचत अजून गिऱ्हाइकापर्यंत पोचलेली नाही.

माझा सल्ला: आज गरज असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या.