घरखर्चाला हात लावू नका, एफडी मोडा

प्रिय ताई,
मी चिंचवडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात 56,000 पगार येतो, कमावणारा मी एकटाच. घराचा हप्ता 18,400, पर्सनल लोनचा 7,100, बाइकचा 3,300 आणि मोबाइलचा 2,000 (अजून पाच महिने). आजपर्यंत एकही हप्ता चुकवलेला नाही. क्रेडिट कार्डावर 84,000 आहेत, पण त्याचं मिनिमम ऑटोपेवर टाकलंय, त्यामुळे ती काळजी नाही. मुलीच्या शिक्षणासाठी माझ्या नावावर एक लाखाची एफडी आहे, तिला काही झालं तरी हात लावणार नाही. बायको घरीच असते, पण तिचा हात सैल आहे. आम्ही दोघं, मुलगी आणि आई मिळून चौघांना महिना 14,000 लागतात. सोसायटी, वीज, फोन आणि पेट्रोलचे 6,400 वेगळे. घरखर्च 11,000 वर कसा आणावा? महिनाअखेर काहीच उरत नाही.
– एक वाचक

अहो, 14,000 मध्ये चौघांचा किराणा, दूध, भाजी, गॅस आणि सासूबाईंची औषधं भागवणाऱ्या बाईचा हात सैल? त्यातून तीन हजार काढायला निघाला असाल तर दूध कमी करायचं की औषधं, तेही कळवा. मी त्या वाटेला जाणार नाही. तुमच्या पत्रातलं 'ती काळजी नाही' हे वाक्य वाचून मात्र मला खरोखर राग आला.

कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट उघडा आणि व्याजाची ओळ शोधा. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तुमचा नेमका दर स्टेटमेंटवरच छापलेला असेल. साडेतीन धरले तर 84,000 वर 2,940 रुपये होतात. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 529. मिनिमम साधारण पाच टक्के असतं, तुमच्याकडे ते 4,200 च्या घरात असणार. त्यातले 3,469 व्याज आणि करात गेले, मुद्दल फिटलं 731 रुपये. महिनाअखेरीला तुम्ही पेट्रोलला किंवा एखाद्या बिलाला तेच कार्ड काढत असणार, कारण पगार संपलेला असतो. मग ते 731 सुद्धा गेले. शिवाय मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज भरलेल्या पेट्रोलवर आजपासूनच व्याज चालू होतं. 'हप्ता चुकवला नाही' याचा अभिमान बाळगता, पण पाच हप्त्यांतला हा एक असा आहे की तो कधी संपतच नाही.

आणि दुसरीकडे एक लाख एफडीत. साडेसहा टक्के व्याज धरलं तरी महिन्याला जेमतेम 540 रुपये मिळतात. साडेतीन हजार घालवून साडेपाचशे कमावताय, मुलीच्या नावाने. यात मुलीचं काय भलं होतंय, मला तरी दिसत नाही.

तेव्हा एफडी मोडा. या आठवड्यात. मुदतीआधी मोडली म्हणून बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी देईल, ते सोडून द्या. आलेल्या पैशांतून कार्डाची पूर्ण बाकी भरा. पुढच्या स्टेटमेंटमध्ये तरीही थोडं व्याज दिसेल, कारण बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज नंतर लागतं. हजार-दोन हजार असतील. वाद न घालता तेही फेडा, नाहीतर शेपूट राहतं. मग बँकेच्या ॲपमध्ये ऑटोपे 'मिनिमम'वरून 'पूर्ण बाकी'वर करा आणि कार्डाची मर्यादा 15,000 वर आणायला सांगा.

आता ही बाकी चढली कशी, ते बघू, नाहीतर दोन वर्षांत पुन्हा इथेच याल. तुमच्या हिशेबात शाळेची फी कुठे आहे? विम्याचा वार्षिक हप्ता? बाइकचा विमा, दिवाळी, लग्नाकार्याचा आहेर? पत्रात यातलं एकही नाही. वर्षातून एकदा येणारे हे खर्च महिन्याच्या हिशेबात बसत नाहीत आणि आले की थेट कार्डावर जातात. तुमचा घोटाळा इथे आहे, किराण्यात नाही. बायकोसोबत बसून वर्षाची यादी करा. तिला सगळं पाठ असेल, तुम्ही विचारलं नसेल इतकंच. मी अंदाजाने धरते: फी 24,000, विमा 12,000, बाइकचा विमा 2,400, सणवार आणि आहेर 9,600. बेरीज 48,000, म्हणजे महिन्याला 4,000. कार्डाचे 4,200 सुटले की हे पैसे तिथूनच येतात. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण रीत हीच.

पगाराच्या दिवशी काय करायचं, ते सांगते. हप्त्यांसाठी वेगळं बचत खातं ठेवा. त्याला ना यूपीआय, ना डेबिट कार्ड. पगार आला की त्याच दिवशी 30,800 तिकडे वळवा आणि चारही हप्ते तिथून कापले जातील असं करून घ्या. नवं मँडेट नोंदायला काही दिवस लागतात, तोवर जुन्या खात्यात पैसे ठेवा. या गडबडीत हप्ता परतला तर तुमची बँक आणि कर्ज देणारे दोघेही दंड लावतात, वर सिबिलमध्येही नोंद होते. दुसरी रक्कम 4,000, ती वर्षाच्या खर्चासाठी तिसऱ्या खात्यात किंवा आरडीत. मग 14,000 बायकोच्या खात्यात, एकदम आणि न मागता. 6,400 तुमच्याकडे. उरले 800. त्यात चहा प्या, मी विचारणार नाही.

फी किंवा विमा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच आला, तर वर्षाच्या खात्यात तेवढे साठलेले नसतील. त्यासाठी एफडीतले उरलेले चौदा-पंधरा हजार वापरा आणि नंतर भरून काढा. एरवी ते हप्त्यांच्या खात्यात पडून राहू देत, पगार लांबला तर उपयोगी पडतील. पाच महिन्यांनी मोबाइलचा हप्ता संपेल. ते 2,000 खर्चात मिसळू देऊ नका, त्याच खात्यात जाऊ देत. एका महिन्याचे हप्ते भागतील एवढी रक्कम जमेपर्यंत नवा मोबाइल नाही, हप्त्यावर फ्रिज नाही. तेवढी जमली की हेच 2,000 मुलीच्या नावाने पुन्हा सुरू करा. बाइकचा हप्ता सुटला की ते 3,300 पर्सनल लोनला लावा, पण मुदतीआधी भरल्याचा दंड किती ते आधी मंजुरीपत्रात वाचा. घराच्या कर्जाची घाई नको, तुमच्याकडचं बहुधा सगळ्यात स्वस्त कर्ज तेच आहे.

कार्डाची बाकी शून्य झाली की बँकेतून गोड आवाजात फोन येईल, 'सर, तुमची मर्यादा वाढवून देतोय.' तो फोन बायकोकडे द्या.