1/x च्या स्पर्शिकेचा चढ: हरवलेला कंस

«f(x) = 1/x साठी x = 2 येथे स्पर्शिकेचा चढ व्याख्येवरून काढला, तर उत्तर 1/4 येते. पुस्तकात −1/4 आहे. सीमा घेताना माझे काय चुकते?»

आपली सीमा बहुधा बरोबरच असेल. चूक तिच्या दोन ओळी आधी झालेली असावी. आपली आकडेमोड दिसत नसल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही, परंतु नेमके हेच चुकीचे उत्तर मी अनेक महिने काढत होतो.

व्याख्येत किंमती घातल्यावर अंशात 1/(2+h) − 1/2 मिळते. समान छेद 2(2+h) घेतला की वरचा भाग असा लिहावा लागतो:

2 − (2+h) = 2 − 2 − h = −h

मी कंस न घालता 2 − 2 + h लिहीत असे आणि h उरत असे. पुढचे सारे बिनचूक करूनही चिन्ह उलटे येई. परीक्षेत त्या उत्तरावर केवळ लाल फुली मिळाली. गुणपडताळणीसाठी शुल्क भरून अर्ज केला, तेव्हा संबंधित कार्यालयाने गुणांची बेरीज बरोबर असल्याचे कळवले, चूक कोणत्या ओळीत आहे हे मात्र कोणीच दाखवले नाही. त्यामुळे आपल्याला सीमाच समजत नाही असे मी धरून चाललो आणि सीमेचे नियम पाठ करण्यात ते वर्ष घालवले, याची खंत आजही वाटते.

कंस घातल्यावर h ने भागून −1/(2(2+h)) उरते. येथे h शून्य नाही म्हणूनच तो छाटता येतो; छाटण्यापूर्वी h = 0 घातल्यास 0/0 मिळते आणि त्यातून काहीच कळत नाही. छाटल्यानंतर h शून्याकडे नेला की चढ −1/4 येतो.

माझ्या मते, निदान सुरुवातीला तरी, सूत्र पाठ करण्यापेक्षा एक छेदिका प्रत्यक्ष मोजून पाहणे अधिक उपयोगाचे आहे. h = 0.1 घेतल्यास चढ सुमारे −0.238 येतो आणि h = −0.1 घेतल्यास सुमारे −0.263. दोन्ही ऋण आहेत आणि −0.25 त्यांच्या मध्ये आहे, त्यामुळे धन उत्तर येथेच बाद होते.

आपल्या 1/4 चढाची, (2, 1/2) मधून जाणारी रेषा y = x/4 आहे. ती वक्राला (2, 1/2) येथे छेदून पलीकडे जाते आणि (−2, −1/2) येथे पुन्हा भेटते. याउलट −1/4 चढाची रेषा y = 1 − x/4 आहे; ती 1/x शी समान धरून सोडवल्यास (x − 2)² = 0 मिळते, म्हणजे दोन्ही मुळे x = 2 येथेच एकत्र येतात. आपली रेषा या कसोटीला लावून पाहावी. तिथेही दोन वेगळी मुळे आली, तर अंशाच्या ओळीकडे परत जावे.