शिरोरेखेवरची राखाडी कड

प्रश्न: «मंडळाच्या मुलाखतींसाठी आफ्टर इफेक्ट्समध्ये ॲस्टन, म्हणजे बोलणाऱ्याचं नाव दाखवणारं ग्राफिक, आणि कोपऱ्यात फिरणारा लोगो केलाय. ॲस्टनला पट्टी नाही, नुसती पांढरी अक्षरं आणि खाली भगवी रेघ. एमपीफोर दिली तर मागे काळं येतं. मग प्रोरेस ४४४४ दिली. काळं गेलं, पण अक्षरांभोवती राखाडी कड दिसते. मित्र डोंबिवलीला बसून रिझॉल्व्हमध्ये एडिट करतो. परत सगळं रेंडर करावं लागेल का?»

बहुतेक नाही करावं लागणार. मित्राला आधी फोन करा आणि एवढं सांगा: मीडिया पूलमध्ये तुमच्या क्लिपवर राइट क्लिक, `Clip Attributes`, आणि तिथे `Alpha mode`. त्यात `Straight` असेल तर `Premultiplied` करून बघायचं. कड गेली तर फाइल चांगलीच होती, फक्त चुकीची वाचली जात होती.

आता हे का होतं ते नीट सांगतो, कारण हा घोळ पुन्हा पुन्हा होतो आणि दर वेळी लोक कोडेकला, म्हणजे व्हिडिओ फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीला, दोष देतात.

एमपीफोरचा विषय आधी संपवू. तुम्ही जी एमपीफोर दिलीत ती एच.२६४ असणार. एडिटिंगच्या रोजच्या सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या एच.२६४ मध्ये पारदर्शकता जातच नाही, म्हणून रिकामी जागा काळी भरून येते. त्यात कुठलं सेटिंग शोधत बसू नका. प्रोरेस ४४४४ मध्ये शेवटचा ४ म्हणजे चौथी वाहिनी, अल्फा. लाल, हिरवा, निळा या तिघांसोबत प्रत्येक पिक्सेल किती अपारदर्शक आहे तो आकडा तिथे बसतो. प्रोरेस ४२२ मध्ये ही जागा नाही, म्हणून नाव वाचताना घाई करू नका. तुमचं काळं गेलं याचाच अर्थ अल्फा पोचला.

उरली राखाडी कड. अक्षराच्या आत अल्फा पूर्ण असतो, बाहेर शून्य असतो. भानगड मधल्या पिक्सेलमध्ये आहे. देवनागरीत ही भानगड लॅटिन अक्षरांपेक्षा जास्त डोळ्यांवर येते, कारण आपल्या डोक्यावर शिरोरेखा आहे. रेघेची वरची बाजू पिक्सेलच्या बरोबर मध्यावर पडली, तर त्या अख्ख्या ओळीतला प्रत्येक पिक्सेल अर्धा पारदर्शक होतो. मग कड एखाद्या गोलाईवर लपत नाही, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ राखाडी रेघ दिसते. तुम्ही नाव चारशे टक्के झूम करून बघा, कड सगळ्यात ठळक शिरोरेखेच्या वरच सापडेल.

त्या ओळीतला एकच पिक्सेल घेऊ. रंग पांढरा, म्हणजे शून्य ते २५५ च्या मोजपट्टीवर २५५. अल्फा अर्धा, ०.५. हा पिक्सेल फाइलमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. स्ट्रेट पद्धतीत रंग जसाच्या तसा २५५ लिहितात आणि अल्फा वेगळा ठेवतात. प्रीमल्टिप्लाइड पद्धतीत रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवतात, म्हणजे साधारण १२८. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फक्त वाचणाऱ्याला कुठली आहे ते माहीत हवं, कारण दोघांचं गणित वेगळं आहे:

```
स्ट्रेट:          रंग × अल्फा + मागचा × (१ − अल्फा)
प्रीमल्टिप्लाइड:  रंग + मागचा × (१ − अल्फा)
```

समजा तुमची अक्षरं पांढऱ्या सदऱ्यावर आली, मागचा पिक्सेलही २५५. बरोबर उत्तर २५५ यायला हवं, पांढऱ्यावर पांढरं. पण फाइल प्रीमल्टिप्लाइड आहे आणि एडिटर तिला स्ट्रेट समजतोय. तो १२८ ला पुन्हा अर्धं करतो, ६४. मागच्याचे १२८ त्यात मिळवतो. आले १९२. पांढऱ्यामध्ये १९२ म्हणजे सरळसरळ राखाडी. एकदा गुणलेल्याला दुसऱ्यांदा गुणलं, एवढीच ती कड.

उलटी चूकही होते. फाइल स्ट्रेट आणि एडिटर तिला प्रीमल्टिप्लाइड समजतो. मग अर्ध्या पिक्सेलचे पूर्ण २५५ तसेच राहतात, त्यात मागचा रंग मिसळतो आणि आकडा छताला लागतो. तेव्हा कड काळी होत नाही, अक्षरं जाड आणि दातेरी होतात, जणू कडांवरची मऊपणाची पायरीच काढून टाकली. लक्षात ठेवायची खूण अशी: कड मळकट असेल तर प्रीमल्टिप्लाइड फाइल स्ट्रेट म्हणून वाचली जाते आहे. कड फाटलेली, भडक असेल तर स्ट्रेट फाइल प्रीमल्टिप्लाइड म्हणून वाचली जाते आहे.

एक गोष्ट फार लोकांना फसवते. अक्षरांना काळी सावली दिली असेल तर ते सावलीकडे बोट दाखवतात, «सावलीच घाण आली». काळ्याचा आकडा शून्य, त्याला कितीही वेळा अल्फाने गुणा, शून्यच राहतो. नुसती काळी सावली दोन्ही पद्धतींनी सारखीच दिसते. म्हणून सावली बघून निदान करू नका, फिक्या रंगाची कड बघा. तसंच पूर्ण अपारदर्शक पट्टीवर लिहिलेली अक्षरं असतील तर ती निर्दोष दिसतील, कारण तिथे अल्फा सगळीकडे पूर्ण आहे. दोष फक्त पट्टीच्या बाहेरच्या कडेला येईल. तुमच्याकडे पट्टी नाही, म्हणून प्रत्येक अक्षर उघडं पडलं.

हे मी महाग पडून शिकलो. गोरेगावला एका एडिट रूममध्ये असताना दागिन्यांच्या जाहिरातीचा लोगो दिला होता, सोनेरी, भोवती मऊ चमक. तपासताना मी तो गडद पार्श्वभूमीवर टाकला आणि छान दिसला. तिकडे एडिटरच्या शेवटच्या शॉटमध्ये मागे पांढरी पैठणी. चमक आकसली आणि तपकिरी झाली, सोन्यावर धुरकट डाग पडल्यासारखी. चमकेत अल्फा एक दशांशपर्यंत उतरत जातो, तिथे दुसरा गुणाकार रंगाला जवळजवळ खाऊनच टाकतो. एडिटरने बिचाऱ्याने ब्लर मारून, रंग चढवून रात्रभर झाकायचा प्रयत्न केला. शेवटी एका मेन्यूत एक शब्द बदलला आणि झालं. काळ्यावर तपासलं ही माझी चूक होती.

म्हणून तपासणी अशी करा. रिझॉल्व्हमध्ये खालच्या ट्रॅकवर `Solid Color` टाका आणि तो शुद्ध पांढरा करा. वर तुमची ॲस्टन. सावली असेल तर या एका चाचणीपुरती बंद करून छोटी फाइल काढा. पांढरी अक्षरं पांढऱ्यावर पूर्ण गायब व्हायला हवीत, फक्त भगवी रेघ उरायला हवी. अक्षरांचा पुसट सांगाडा जरी दिसला तरी वाचन चुकतंय. मग तोच रंग काळा करा आणि कडा दातेरी तर नाहीत ना बघा. दोन्हीकडे पास झाली की ती फाइल कुठल्याही शॉटवर टाका.

पुढच्या वेळी रेंडर करताना आफ्टर इफेक्ट्सच्या `Output Module Settings` मध्ये तीन जागा बघायच्या. `Format` ला `QuickTime` आणि त्याच्या `Format Options` मध्ये `Apple ProRes 4444`. `Channels` ला `RGB + Alpha`. आणि `Color` ला `Straight (Unmatted)`. माझी स्वतःची सवय बाहेर द्यायची प्रत्येक गोष्ट स्ट्रेट देण्याची आहे, कारण त्यात रंग कुठेही मिसळलेला नसतो आणि समोरच्याला काही उलगडावं लागत नाही. स्ट्रेट फाइल एखाद्या साध्या प्लेअरमध्ये उघडली तर कडा फाटलेल्या आणि चमक चौकोनी ठोकळ्यासारखी दिसू शकते. तो प्लेअर अल्फा वापरत नाहीये, एवढंच. ते बघून घाबरून परत रेंडर लावू नका, टाइमलाइनवर टाकून मगच मत बनवा.

फाइलमध्ये अल्फा खरंच आहे का याची शंका असेल तर एफएफप्रोब या कमांड लाइनवरच्या टूलला विचारता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,pix_fmt aston.mov
```

`pix_fmt` चं उत्तर `yuva` ने सुरू झालं तर अल्फा आहे, नुसतं `yuv` असेल तर रेंडर करतानाच `RGB` वर राहिलं होतं. पण स्ट्रेट की प्रीमल्टिप्लाइड हे यातून कळत नाही. आफ्टर इफेक्ट्सच्या `Interpret Footage` मध्येसुद्धा त्यासाठी `Guess` नावाचं बटण आहे, म्हणजे तेही अंदाजच बांधतं. म्हणून मी फाइलच्या नावातच लिहितो, `aston_25fps_straight.mov`. मित्राला फोन न करता कळतं.

तुमच्या फिरत्या लोगोबद्दल एक वेगळी शंका आहे. त्यावर प्रकाशाची तिरीप `Screen` किंवा `Add` मोडमध्ये टाकली असेल, तर ती अल्फातून पुढे जात नाही. मोड म्हणजे खालच्या चित्राशी करायचं गणित, आणि रेंडर होताना लोगोच्या बाहेर खाली काहीच नसतं. काळ्यावर शूट केलेली तिरीप तिथे काळ्या डागासकट उतरते. तेवढी तिरीप वेगळ्या फाइलमध्ये काळ्यावरच काढून द्या, अल्फाशिवाय, आणि मित्राला तिचा `Composite Mode` रिझॉल्व्हमध्ये `Screen` करायला सांगा.

फ्रेम पूर्ण १९२० बाय १०८० चीच ठेवा, रिकामी जागा कापू नका. म्हणजे त्याने क्लिप वर ठेवली की नाव आपोआप तुम्ही ठरवलेल्या जागी बसेल. आणि रेंडर लावण्याआधी सगळी नावं मंडळाच्या माणसाकडून ऱ्हस्व-दीर्घासकट वाचून घ्या, कारण त्यानंतर मित्राला त्यातली वेलांटीसुद्धा बदलता येणार नाही.

आज `Alpha mode` बदलून काय झालं ते इथे लिहा. `Premultiplied` करूनही शिरोरेखेवरची रेघ राहिली, तर पांढऱ्यावरचा चारशे टक्के झूमचा स्क्रीनशॉट टाका, कड मळकट आहे की दातेरी ते बघून सांगतो.