को-वर्किंग स्पेससाठी टॅगलाइन

प्रश्न: छोट्या शहरात फ्रीलान्सर आणि रिमोट जॉबवाल्यांसाठी को-वर्किंग स्पेस सुरू करतोय. "स्वप्नांना नवी दिशा" अशी टॅगलाइन सुचलीय, कशी वाटते? दुसरी काही सुचवाल का?

उत्तर: ही नका घेऊ. तुमच्या जागेचं नाव झाकून ती ओळ वाचून बघा, क्लास, विमा एजंट, बिल्डर कुणाच्याही बोर्डावर चालेल. मी छोट्या धंद्यांसाठी कॉपी लिहितो आणि नाव झाकून वाचणं ही माझी पहिली चाचणी असते.

आता तुमची स्पर्धा कुणाशी आहे ते बघा. मोठ्या शहरात एका को-वर्किंगची दुसऱ्याशी असते, त्यामुळे तिथे कम्युनिटी, नेटवर्किंग असलं बोललेलं चालतं. छोट्या शहरात तुमची स्पर्धा घराशी आहे. घर फुकट आहे, जेवण तिथेच आहे, मग माणूस पैसे देऊन तुमच्याकडे का येईल? कारण घरात कॉल चालू असताना मागे कुकरची शिट्टी होते, पाहुणे येतात आणि "घरीच तर आहेस" म्हणून कुणीही कामाला लावतं. रिमोटवाल्याला हा त्रास ठरलेल्या मीटिंगच्या वेळी होतो, फ्रीलान्सरला दिवसभर, शिवाय क्लायंटला कुठे बसवायचं हा त्याचा वेगळा प्रश्न. पण दोघांचं मूळ दुखणं एकच, घरात काम होत नाही. आणि छोट्या शहराची जमेची बाजू अशी की तुमची जागा बहुतेकांना घरापासून लांब पडत नाही, दुपारी जेवायला घरी जाऊन परत येता येतं.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की माझ्या डोक्यात येते ती ओळ:

"घराजवळ, पण घरात नाही."

आता ही नाव झाकून वाचा. विमा एजंटला नाही चालणार, क्लासलाही नाही. पण एक अडचण आहे, जागा नेमकी कसली हे ती सांगत नाही, आणि छोट्या शहरात को-वर्किंग म्हणजे काय हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. ते काम टॅगलाइनवर टाकू नका, तिच्याखाली एक साधी ओळ द्या: "टेबल, इंटरनेट आणि कॉलसाठी बंद खोली." यातलं जे तुमच्याकडे नाही ते काढा.

तुम्हाला "नेट कधीच जाणार नाही" टाईप ओळीचा मोह होईल, कारण गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. टॅगलाइनमध्ये ते वचन देऊ नका. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू होतो, पण त्या क्षणभराच्या खंडात राउटर बंद होऊन परत सुरू व्हायला मिनिट दोन मिनिटं घेऊ शकतो आणि तेवढ्यात समोरच्या माणसाचा क्लायंट कॉल तुटलेला असतो. त्यासाठी राउटरला आणि फायबरच्या डब्याला वेगळा छोटा यूपीएस लावा. इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं घ्या, एक गेलं की आपोआप दुसऱ्यावर जाणारा राउटर लावा, आणि दोघांच्या केबल एकाच मार्गाने येत नाहीत ना ते स्वतः बघा, नाहीतर एका खोदकामात दोन्ही जातात. मग व्हिडिओ कॉल चालू ठेवून मेन स्विच पाडा, ते झालं की पहिल्या कनेक्शनची वायर काढा. कॉल थोडा अडखळून टिकला तर "दोन इंटरनेट, लाईट गेली तरी चालू" असं माहितीत बिनधास्त लिहा, ते तपासता येण्यासारखं आहे. कधीच या शब्दाला मात्र एक वाईट दुपार पुरते.

बोर्डाचं पण सांगतो. ढोबळ हिशोब असा की १ इंच उंचीचं अक्षर साधारण १० फुटांवरून आरामात वाचता येतं, म्हणजे रस्ता बोर्डापासून ५० फुटांवर असेल तर अक्षर किमान ५ इंच हवं. आपल्या लिपीत वर वेलांटी, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं, ती लांबून बुजतात, म्हणून शब्द कमी आणि सोपे घ्या आणि वर-खाली जागा सोडा. वरची ओळ चार शब्दांची आहे, जोडाक्षर एकही नाही, गाडीवरून जाताना पण वाचून होईल.

छापायच्या आधी ती ओळ रिमोट जॉब करणाऱ्या तीन-चार जणांना फक्त ऐकवा, दाखवू नका, आणि "ही जागा कशाची असेल?" एवढंच विचारा. लॉज किंवा मेस असं उत्तर आलं तर खालची साधी ओळ बोर्डावर मोठी करा. आणि गूगल मॅप्सवर नावाच्या रकान्यात टॅगलाइन घुसवू नका, त्यांच्या नियमात तिथे फक्त धंद्याचं खरं नाव चालतं, टॅगलाइन खालच्या वर्णनात टाका.